एका संदेशासाठी वीस सेकंद

डिस्कॉर्ड ही ऑनलाइन गप्पांची सेवा. तिथले संदेश कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये साठवायला लागून सहा महिने झाले होते. कुठे कुरकुर नव्हती. आणि एक दिवस कॅसँड्राने उत्तरं देणंच थांबवलं. सर्व्हर दहा-दहा सेकंद गोठायचे, जरा हलायचे आणि पुन्हा गोठायचे. कारण शोधत कंपनीचे इंजिनिअर एका चॅनेलपाशी येऊन पोचले. ते उघडायला तब्बल वीस सेकंद लागत होते. ‘पझल अँड ड्रॅगन्स’ या मोबाइल गेमच्या चाहत्यांचा तो अड्डा सार्वजनिक होता, कुणीही आत जावं. इंजिनिअरही आत गेले. पाहतात तो काय, चॅनेलमध्ये संदेश एकच!

लाखो संदेशांचं चॅनेल उघडायला वेळ लागला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. इथे उलटंच होतं. त्या मंडळींनी प्रोग्रॅम लावून आपले लाखो जुने संदेश पुसून टाकले होते आणि एकच मागे ठेवला होता. सर्व्हर दमला होता तो त्या पुसलेल्या संदेशांमुळे. कंपनीचे सहसंस्थापक स्टॅनिस्लाव विश्नेव्हस्की यांनी जानेवारी २०१७ मध्ये ही हकिगत जाहीरपणे लिहिली. पुसलेली माहिती शिल्लक माहितीपेक्षा महाग कशी पडते, हे कळण्यासाठी कॅसँड्रा माहिती पुसते म्हणजे नेमकं काय करते, ते आधी पाहावं लागतं.

कॅसँड्रा मुळात फेसबुकमध्ये तयार झाली. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक या दोघांनी ती लिहिली, आणि २००८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. एकाच मोठ्या यंत्रावर भिस्त न ठेवता माहिती अनेक यंत्रांवर वाटून ठेवायची, प्रत्येक नोंदीच्या सहसा तीन प्रती तीन वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या, आणि एखादं यंत्र बंद पडलं तरी काम चालू ठेवायचं, अशी तिची रचना. या प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. आलेली माहिती नोड आधी मेमरीत ठेवतो आणि मग डिस्कवर फाइल लिहितो. या फाइलला एसएसटेबल म्हणतात. ती एकदा लिहिली की तिच्यात काना-मात्रेचाही बदल होत नाही. नवी माहिती आली की नवी फाइल.

मग पुसायचं कसं? जुन्या फाइलला हात लावता येत नाही, म्हणून कॅसँड्रा नव्या फाइलमध्ये आणखी एक नोंद करते: ‘अमुक नोंद अमुक वेळी रद्द’. या खुणेला टूमस्टोन म्हणतात. सातबाऱ्यावर कमी झालेलं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, कंस करून तिथेच ठेवतात, तसाच हा प्रकार. वाचणाऱ्याला कंसातली सगळी नावं ओलांडूनच आजच्या मालकापर्यंत पोचावं लागतं.

खूण लगेच काढून टाकली तर काय बिघडेल? समजा, एका नोंदीच्या तीन प्रती आहेत आणि पुसण्याचा हुकूम आला तेव्हा तिसरा नोड बंद होता. दोघांनी नोंद रद्द केली आणि लगेच खूणही फेकून दिली. दुसऱ्या दिवशी तिसरा नोड जागा झाला. त्याच्याकडे जुनी नोंद धडधाकट आहे, आणि ती रद्द झाल्याचा पुरावा आता कुणाकडेच नाही. तीन प्रतींचा मेळ घालताना ती नोंद पुन्हा सगळीकडे पसरते आणि पुसलेला संदेश जिवंत होतो. हे टाळण्यासाठी खूण काही काळ जपावी लागते. त्या मुदतीचं नाव `gc_grace_seconds`, आणि मुळातली किंमत ८,६४,००० सेकंद, म्हणजे दहा दिवस. त्या अवधीत ‘रिपेअर’ चालवून तिन्ही प्रती जुळवून घ्याव्यात, अशी अपेक्षा असते. मुदत संपली म्हणजे खूण आपोआप गळून पडते असंही नाही. अनेक फाइली एकत्र करून नवी फाइल बनवण्याचं काम, म्हणजे कॉम्पॅक्शन, त्या खुणेपर्यंत पोचावं लागतं. शिवाय ज्या जुन्या नोंदीला ती खूण झाकते आहे, ती कॉम्पॅक्शनमध्ये न घेतलेल्या एखाद्या फाइलमध्ये पडून असेल, तर खूण तशीच पुढे जाते.

दुसरी गोष्ट पार्टिशनची. कॅसँड्रात प्रत्येक नोंदीला एक पार्टिशन-की असते. ती एकच असलेल्या सगळ्या नोंदी एकाच नोडवर, क्रमाने, शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे ‘या चॅनेलचे ताजे ५० संदेश दे’ हा प्रश्न झटकन सुटतो. पण चॅनेलचा क्रमांक हीच की ठेवली, तर गजबजलेल्या चॅनेलचे वर्षानुवर्षांचे संदेश एकाच पार्टिशनमध्ये साठत जातात. पार्टिशन कितीही फुगलं तरी ते नोडांमध्ये वाटलं जात नाही. कॉम्पॅक्शनच्या वेळी त्याचा भार मेमरीवर येतो, आणि वाचताना त्याची अनुक्रमणिका धुंडाळावी लागते.

डिस्कॉर्डला हा धडा सुरुवातीलाच मिळाला होता, तोही लॉगमधून. जुने संदेश कॅसँड्रात भरायला घेतले, तसे लगेच १०० एमबीपेक्षा मोठ्या पार्टिशनबद्दलचे इशारे दिसू लागले. सर्व्हरच्या `system.log` या फाइलमध्ये असा इशारा साधारण पुढीलप्रमाणे येतो. वेळ, थ्रेडचं नाव आणि फाइलचा पूर्ण पत्ता इथे गाळला आहे:

```
WARN  Writing large partition chat/messages:77 (143.2MiB) to sstable ...
```

कीस्पेस, टेबल, पार्टिशनची की आणि आकार एवढं सगळं या एका ओळीत असतं. मात्र ही ओळ कुणी वाचत असताना उमटत नाही, कॉम्पॅक्शनच्या वेळी उमटते. त्यामुळे सकाळी अकराला टाइमआउट झाला आणि त्याच मिनिटातला लॉग चाळला, तर ती सापडेलच असं नाही. मागच्या काही दिवसांचा लॉग शोधावा लागतो.

डिस्कॉर्डने यावर काळाचे तुकडे पाडले. की एकट्या चॅनेलची न ठेवता चॅनेल आणि ‘बकेट’ अशी जोडी केली. सर्वांत मोठी चॅनेल तपासून त्यांनी ठरवलं की दहा दिवसांचे संदेश एका बकेटमध्ये ठेवले तर पार्टिशन १०० एमबीच्या आत आरामात राहील. वाचताना ताज्या बकेटपासून सुरुवात करायची, पुरेसे संदेश मिळेपर्यंत एकेक बकेट मागे जायचं. रुंदीचा प्रश्न सुटला. पण ‘पुरेसे संदेश मिळेपर्यंत’ या अटीतच पुढचा घोटाळा दडलेला होता. संदेशच उरले नसतील तर शोध किती मागे जाणार?

आता अशा बिघाडाचा माग कसा काढायचा ते पाहू. त्यासाठी तीच रचना छोट्या प्रमाणात उभी करू. एका बकेटमध्ये ५०,००० संदेश आहेत, नवे वर आणि जुने खाली. सगळ्यांत जुना सोडून बाकीचे एकेक करून पुसले. अजून दहा दिवस झालेले नाहीत. आता ॲप विचारतं, ताजे ५० द्या.

नोड वरून वाचायला लागतो. पहिली नोंद रद्द, दुसरी रद्द, तिसरी रद्द. ५० जिवंत नोंदी मिळाल्या की थांबायचं असतं, पण त्या मिळतच नाहीत. ४९,९९९ खुणा ओलांडून तळाचा एक संदेश हाती लागतो आणि पार्टिशन संपतं. `LIMIT 50` लिहिलं म्हणजे काम पन्नास नोंदींपुरतंच होईल हा समज इथे फसतो, कारण ही मर्यादा जिवंत नोंदींवर आहे, खुणा तीत धरल्या जात नाहीत. या खुणा नोडला मेमरीत बाळगाव्याही लागतात, कारण दुसऱ्या प्रतीकडे हीच नोंद जिवंत असू शकते आणि ती रद्द आहे हे उत्तरात सांगावं लागतं.

कॅसँड्रा जावात लिहिलेली आहे. वापरून झालेली मेमरी जावाची यंत्रणा मधूनमधून गोळा करते आणि त्यासाठी कधी कधी सगळं काम थांबवते. लाखो खुणा वाचताना कचरा इतक्या वेगाने साठतो की गोळा करणारी यंत्रणा मागे पडते. डिस्कॉर्डचे सर्व्हर दहा-दहा सेकंद गोठत होते ते यामुळेच. वाचनाची मुळातली मुदत पाच सेकंदांची असते. नोड दहा सेकंद थांबला की त्या वेळी त्याच्या दारात असलेल्या इतर वाचनांचीही मुदत टळते, मग ती कितीही साधी असोत.

तपासाची दिशा चुकते ती इथे. ॲपच्या हाती जी चूक येते, तिचा मजकूर असा असतो:

```
Operation timed out - received only 0 responses.
```

पाच सेकंदांत उत्तर आलं नाही, एवढंच हे वाक्य सांगतं. का आलं नाही, हे सांगत नाही. आणि ज्या क्वेरीला ही चूक मिळाली तीच दोषी असेल असंही नाही. टाइमआउटची यादी काढली तर तिच्यात लॉगिन, प्रोफाइल, सूचना असे भलतेच निरपराध प्रश्न सापडतात, कारण संख्येने तेच जास्त असतात. गुन्हा करणारी क्वेरी तासातून चार वेळा येत असेल, तर ती त्या गर्दीत हरवून जाते.

म्हणून टाइमआउटच्या यादीवरून उठून नोडच्या लॉगकडे जायचं. तिथे दोन प्रकारच्या ओळी शोधायच्या. एक `GCInspector` या नावाने येते आणि मेमरीच्या साफसफाईत किती मिलिसेकंद गेले ते सांगते. तिच्यावरून नोड केव्हा गोठला हे कळतं. दुसरी ओळ आपल्याला हवी ती:

```
WARN  Read 1 live rows and 49999 tombstone cells for query
SELECT * FROM chat.messages WHERE channel_id = 77 AND bucket = 412
LIMIT 50 (see tombstone_warn_threshold)
```

एका वाचनात एक हजाराहून जास्त खुणा लागल्या की हा इशारा येतो. दोषी क्वेरी तिच्या चॅनेल आणि बकेटसकट इथे छापलेली असते. शेजारचे दोन आकडे तर फारच बोलके. एक जिवंत नोंद देण्यासाठी जवळपास पन्नास हजार खुणा वाचल्या. या ओळीची वेळ आणि साफसफाईच्या ओळीची वेळ पुन्हा पुन्हा जुळत असेल, तर संशय पक्का होत जातो.

ही ओळ कुठे शोधायची, हेही महत्त्वाचं. ॲप ज्या नोडशी बोलतं तो समन्वयक. तो फक्त प्रश्न पुढे धाडतो आणि उत्तराची वाट पाहतो, त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये ही ओळ नसूही शकते. ज्याच्या डिस्कवर ते पार्टिशन आहे आणि ज्याने प्रत्यक्ष वाचन केलं, त्याच्या लॉगमध्ये ती उमटते. किल्लीवरून ते नोड शोधायला `nodetool getendpoints` ही आज्ञा आहे.

खुणांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली की कॅसँड्रा वाचन अर्ध्यावर सोडून देते. लॉगमध्ये `TombstoneOverwhelmingException` येतं आणि ॲपला टाइमआउटऐवजी वाचन फसल्याची वेगळी चूक मिळते. ही मर्यादा वाढवून चूक घालवण्याचा मोह होतो. तसं केलं की जे वाचन निदान लवकर थांबत होतं, ते नोडला आणखी खोल घेऊन बुडतं. टाइमआउटचे पाच सेकंद वाढवले तरी तेच. तेवढा जास्त वेळ नोड खुणा वाचत बसतो.

लॉगने संशयित दाखवला, की खातरजमेसाठी ट्रेसिंग. `cqlsh` या खिडकीत आधी `CONSISTENCY` लिहून ॲप जितक्या प्रतींकडून उत्तर मागतं तितकीच पातळी लावून घ्यावी. एरवी `cqlsh` एकाच प्रतीवर समाधान मानते आणि ॲपला येणारी अडचण इथे दिसतच नाही. मग `TRACING ON` लिहून तीच क्वेरी चालवायची. उत्तराखाली प्रवासाचं टिपण येतं. त्यातल्या मोजक्या ओळी अशा:

```
Executing single-partition query on messages
Partition index with 1600 entries found for sstable 7
Merged data from memtables and 2 sstables
Read 1 live rows and 49999 tombstone cells
```

प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या नोडवर घडली आणि सुरुवातीपासून किती मायक्रोसेकंद गेले, हे दोन रकाने असतात. वाचायचं ते दोन ओळींमधलं अंतर. समन्वयकाने प्रश्न पाठवल्यापासून तो दुसऱ्या नोडला मिळेपर्यंतच वेळ गेला असेल, तर नेटवर्क किंवा त्या नोडपुढची रांग तपासावी. प्रश्न लगेच पोचला, फाइली लगेच सापडल्या, आणि शेवटच्या ‘Read’ ओळीच्या आधी मात्र घड्याळ एकदम पुढे उडालं, तर वेळ खुणा ओलांडण्यात गेला हे उघड आहे.

दुसऱ्या ओळीतून पार्टिशनची रुंदीही कळते. ४.० आवृत्तीपर्यंत कॅसँड्रा मोठ्या पार्टिशनच्या अनुक्रमणिकेत मुळात दर ६४ केबीला एक नोंद करते. म्हणजे १,६०० नोंदी असतील, तर त्या एका फाइलमध्ये पार्टिशनचा सुमारे १०० एमबीचा भाग आहे. एका साध्या गुणाकाराने खुणांचा त्रास आणि रुंदीचा त्रास वेगळे ओळखता येतात. इथे छोट्या नमुन्यात दोन्ही एकदम दाखवले आहेत, पण प्रत्यक्षात पुष्कळदा एकच असतो. खुणा शून्याच्या आसपास आणि नोंदी हजारोंनी असतील, तर दोष पुसण्याचा नाही, की निवडण्याचा आहे. नोंदी थोड्या आणि खुणा अफाट असतील, तर बकेट आणखी बारीक करून फारसं काही साधणार नाही.

ट्रेसिंग फुकट मिळत नाही. प्रत्येक टिपण कॅसँड्रा स्वतःच्याच टेबलात लिहिते, म्हणजे आधीच थकलेल्या नोडवर आणखी भार. सगळ्या वाहतुकीवर ते लावायचं नसतं. नेमकी क्वेरी माहीत नसेल, तर `nodetool settraceprobability 0.001` देऊन हजारातल्या सुमारे एका क्वेरीचं टिपण काही काळ घ्यावं आणि मग आकडा पुन्हा शून्यावर आणावा. टिपणं `system_traces` मध्ये राहतात आणि एका दिवसाने आपोआप जातात. त्यांच्याही आधी, काहीच भार न टाकणारी पाहणी म्हणजे `nodetool tablestats`. तिच्यात प्रत्येक टेबलातलं सर्वांत मोठं पार्टिशन किती बाइटचं, आणि गेल्या पाच मिनिटांत एका वाचनात सरासरी व कमाल किती खुणा लागल्या, हे छापून येतं.

डिस्कॉर्डने पुढे दोन बदल केले. पहिला, खुणा जपण्याची मुदत दहा दिवसांवरून दोन दिवसांवर आणली. हे त्यांना परवडलं, कारण संदेशांच्या नोडांवर ते रोज रात्री रिपेअर चालवत होते. ज्यांचं रिपेअर आठवड्यातून एकदा होतं, किंवा होतच नाही, त्यांनी हा आकडा उचलला तर पुसलेले संदेश परत उगवण्याची सोयच झाली. दुसरा बदल ॲपमध्ये होता. कोणत्या चॅनेलच्या कोणत्या बकेट रिकाम्या निघाल्या हे लक्षात ठेवायचं आणि पुढच्या वेळी त्या वगळायच्या. त्यामुळे एखाद्याने असं चॅनेल पुन्हा उघडलं, तरी फार तर ताजी बकेट वाचली जाते.

त्यांना आणखी एक गळती सापडली, तीही कुणी काही न पुसता झालेली. संदेशाच्या टेबलात १६ रकाने होते आणि सरासरी संदेशात त्यातले चारच भरलेले असत. उरलेल्या बारांमध्ये ॲप ‘काही नाही’ असं लिहीत होतं. कॅसँड्राच्या लेखी रकान्यात ‘काही नाही’ लिहिणं म्हणजे तो रकाना पुसणं. त्यामुळे प्रत्येक नव्या संदेशाबरोबर बारा खुणा विनाकारण जन्माला येत होत्या. उपाय सोपा निघाला: ज्या रकान्यात मजकूर आहे तेवढेच पाठवायचे. आपल्याकडच्या टेबलात कुणी काही पुसत नसताना खुणांचे इशारे येत असतील, तर सर्वांत आधी ॲपचा लिहिणारा भाग पाहावा. बऱ्याचदा एखादी लायब्ररी सगळे रकाने निमूटपणे भरून पाठवत असते.

पुसणं अटळच असेल, तर कसं पुसतो यावरही पुष्कळ अवलंबून असतं. पन्नास हजार संदेश एकेक करून पुसले तर पन्नास हजार खुणा तयार होतात. तेच संपूर्ण बकेट एका आज्ञेने रद्द केली तर सगळ्या पार्टिशनला मिळून एकच खूण पुरते:

```
DELETE FROM chat.messages WHERE channel_id = 77 AND bucket = 412;
```

कामाची रांग म्हणून टेबल वापरणाऱ्यांना हा फरक फार जाणवतो. नवं काम शेवटी जोडायचं, झालेलं काम सुरुवातीचं पुसायचं, आणि ‘पुढचं काम कोणतं’ हे विचारताना पुसलेल्यांचा सगळा ढीग पुन्हा वरून तुडवायचा. शेवटचं झालेलं काम कुठलं ते ॲपने लक्षात ठेवून `job_id > ...` अशी अट घातली, तर वाचन ढिगाच्या पलीकडूनच सुरू होतं. कॅसँड्रात रांग बांधू नये असं जाणकार सांगतात, ते यासाठीच.

डिस्कॉर्डचा पसारा पुढे वाढत गेला. २०२२ पर्यंत त्यांच्याकडे कॅसँड्राचे १७७ नोड होते आणि साठवलेल्या संदेशांची संख्या लाखो कोटींच्या घरात होती. त्या वर्षी त्यांनी हा सगळा साठा सिला या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवला. काम वेगाने चाललं होतं, आणि ९९.९९९९ टक्क्यांवर येऊन अडकलं. माहितीचे शेवटचे काही पट्टे वाचताना दरवेळी टाइमआउट होत होता. तपासलं तेव्हा त्या पट्ट्यांमध्ये टूमस्टोनचे प्रचंड थर सापडले. त्यांच्यापर्यंत कॉम्पॅक्शन कधी पोचलंच नव्हतं. इंजिनिअरांनी नेमक्या त्याच पट्ट्याचं कॉम्पॅक्शन चालवलं, आणि काही सेकंदांत उरलेली माहितीही नव्या घरी पोचली.